आयुष्य वाढलं की आजार आधी कळला?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रोचेस्टर इथे मेयो क्लिनिक आहे. तिथल्या डॉक्टरांनी १९७१मध्ये एक मोठा प्रयोग हाती घेतला. भरपूर सिगारेट ओढणारे, पंचेचाळिशी ओलांडलेले ९,२११ पुरुष त्यांनी निवडले. सुरुवातीच्या तपासणीत त्यांच्यापैकी कुणालाही कर्करोग सापडलेला नव्हता. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाचा छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी दर चार महिन्यांनी, सहा वर्षं होत राहिली. दुसऱ्या गटाला वर्षातून एकदा तपासून घ्या, एवढाच सल्ला दिला.

ज्यांचा कर्करोग सापडला, त्यांच्यापैकी निदानानंतर पाच वर्षांनी किती जण हयात होते? तपासणीच्या गटात साधारण ३३ टक्के, दुसऱ्या गटात १५. दुपटीहून जास्त! पण फुफ्फुसाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू मोजले, तेव्हा तपासणीच्या गटात ते १२२ निघाले आणि दुसऱ्यात ११५. दोन्ही गट जवळपास सारख्याच आकाराचे होते. म्हणजे तपासणीने मृत्यू कमी झाले नव्हते.

दोन्ही आकडे खरे आहेत. मग गोम कुठे आहे?

एक माणूस कल्पनेत आणू. सदुसष्टाव्या वर्षी त्याच्या थुंकीत रक्त पडतं, निदान होतं आणि सत्तराव्या वर्षी तो जातो. निदानानंतर तो तीन वर्षं जगला. आता याच माणसाची गाठ नियमित एक्स-रेमध्ये एकसष्टाव्या वर्षीच दिसली असं धरा. उपचार झाले, पण त्यांनी रोगाची वाट बदलली नाही आणि तो सत्तरीलाच गेला. आता हिशेबात तो नऊ वर्षं जगला! पाच वर्षं जगणाऱ्यांच्या यादीत त्याचं नावही लागलं. मरणाचा दिवस जागचा हलला नाही. घड्याळ तेवढं सहा वर्षं आधी सुरू झालं. याला लीड-टाइम बायस म्हणतात. त्या माणसाच्या वाट्याला काय जास्त आलं, तर आपल्याला कर्करोग आहे हे माहीत असलेली सहा वर्षं. ही वर्षं कशी जात असतील, हे ज्याच्या घरात असं आजारपण आलंय त्याला सांगायला नको.

दुसरी फसगत जरा सूक्ष्म आहे. गावाबाहेरच्या रस्त्याचा एक टप्पा पार करायला बैलगाडीला चार तास लागतात आणि जीपला दहा मिनिटं. दिवसभरात गाड्या आणि जिपा सारख्याच संख्येने जातात. तुम्ही मधूनच कधीतरी टेकडीवरून नजर टाकलीत, तर जीपपेक्षा बैलगाडी दिसण्याची शक्यता चोवीस पट असते. जीप दोन नजरांच्या मधे निघून जाते.

कर्करोगाचंही तसंच आहे. संथ वाढणारी गाठ लक्षणं न दाखवता वर्षानुवर्षं शरीरात असते, म्हणून ती कुठल्या ना कुठल्या तपासणीत सापडते. झपाट्याने वाढणारी गाठ दोन तपासण्यांच्या मधेच उद्भवते आणि खोकला, रक्त घेऊन समोर येते. त्यामुळे तपासणीत सापडलेल्या रुग्णांमध्ये मुळातच मवाळ रोगांची भरती जास्त असते. ते जास्त जगले, तर श्रेय तपासणीचं की रोगाच्या स्वभावाचं? हा लेंग्थ-टाइम बायस.

याचं टोक म्हणजे इतकी संथ गाठ, की तिचा त्रास होण्याआधीच माणूस दुसऱ्या कारणाने जातो. मेयोच्या प्रयोगात तपासणीच्या गटात २०६ कर्करोग सापडले, दुसऱ्यात १६०. मृत्यू मात्र जवळपास तेवढेच. वरचे बरेचसे कर्करोग याच जातीचे असावेत, असं मला वाटतं. ते रुग्ण ‘बरे झालेल्यां’च्या टक्केवारीत भर घालतात आणि भागाकार देखणा दिसतो.

म्हणून निदान झालेल्यांना भाजक धरायचंच नाही. चिठ्ठीने ज्या गटात पडले त्या सगळ्यांना, आजारी आणि धडधाकट, धरायचं आणि त्या रोगाने किती गेले ते मोजायचं. त्यांचं घड्याळ निदानापासून नव्हे, गटात आल्या दिवसापासून चालतं.

या कसोटीवर उतरलेली तपासणी आपल्याकडेच झाली आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने, तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांचे गावागावांनुसार गट पाडले गेले. एका गटाची गर्भाशयमुखाची एचपीव्ही चाचणी एकदाच केली. २००९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठ वर्षांत त्या गटातल्या सुमारे ३४ हजार स्त्रियांपैकी ३४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेल्या. नेहमीची सेवा मिळालेल्या सुमारे साडेएकतीस हजारांपैकी ६४. पसरलेल्या अवस्थेतले कर्करोगही निम्म्यावर आले होते, जे मेयोच्या प्रयोगात घडलं नव्हतं. इथे कर्करोग होण्याआधीचा बिघाडच हाती लागतो आणि तो तिथल्या तिथे काढून टाकता येतो. आणि त्या ३४ हजारांत चाचणीला बोलावूनही न आलेल्या बायकासुद्धा मोजल्या होत्या.