नुसता अंगठा आला, तर?

मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाल्याचं व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं. मावशींनी चार ओळी लिहिल्या, जिवलग मैत्रिणीने मात्र नुसता अंगठा पाठवला. लगेच मनात येतं, जळली वाटतं!

मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अशा प्रतिसादांचे चार प्रकार मांडले. त्यांत हा अंगठा ‘सकारात्मक पण थंड’ गटात बसतो. भाजी फोडणीला टाकतानाही माणूस तेवढंच पाठवतो, त्यामुळे एकट्या अंगठ्यावरून मत्सर सिद्ध होत नाही.

खरी खूण ‘पण’मध्ये असते: “छान! पण फी परवडेल का गं?” अर्थात, काळजीनेही कुणी असं विचारतं. अब्राहम टेसर यांच्या मांडणीनुसार माणूस जवळचा असेल आणि विषय आपल्याही जिव्हाळ्याचा असेल, तर दुसऱ्याचं यश जास्त बोचतं. मैत्रिणीच्या मुलाचा प्रवेश यंदाच हुकला असेल, तर तो अंगठा बहुधा दुःखाचा असतो; त्याला मत्सर म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

चार दिवसांनी भेट झाल्यावर ती आपणहून “कॉलेज कधी सुरू?” विचारते का, ते पाहा. विचारलं, तर तेव्हा ती फक्त गडबडीत होती. दर आनंदाच्या बातमीला विषयच बदलत असेल, तर मात्र शंका रास्त आहे.