पैसे कटले, तरी ऑर्डर ‘अनपेड’

ऑनलाइन दुकानदाराला ग्राहकांचे फोन येतात: खात्यातून पैसे गेले, पण ऑर्डर ‘अनपेड’च दिसते. पैसे मिळाल्याचा निरोप पेमेंट गेटवे थेट दुकानाच्या सर्व्हरला धाडतो. त्याला वेबहुक म्हणतात. गेटवेच्या डॅशबोर्डवर या निरोपांची नोंद सापडते. तिथे प्रत्येक निरोपापुढे 403 दिसत असेल, तर सर्व्हरने तो दारातूनच परत पाठवला आहे. अनेकदा नव्याने बसवलेली फायरवॉल आड येते. तिच्यातून वेबहुकच्या पत्त्याला वाट द्यावी. निरोप खरा की खोटा, हे सर्व्हरने त्यावरच्या डिजिटल सहीवरून तपासावे. अडकलेल्या ऑर्डरी ग्राहकाच्या स्क्रीनशॉटवरून नव्हे, तर गेटवेकडील पेमेंट आयडी आणि रक्कम जुळवूनच ‘पेड’ कराव्यात. थांबलेले निरोप नंतर पुन्हा येऊ शकतात. तेव्हा एकाच ऑर्डरीचा माल दोनदा जाणार नाही, अशी तजवीज हवी.