उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी

करमाड परिसरात हंगाम सरला की ट्रॅक्टर शेडमध्ये महिनोन्‌महिने उभा राहतो. पुढे गरज पडते तेव्हा स्टार्टर नुसता कटकट करतो आणि दोष बॅटरीच्या कंपनीला दिला जातो. खरं कारण बहुधा त्या उभ्या राहण्यात असतं.

बॅटरी उतरते तेव्हा

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. प्रत्येकात शिशाची ऋण प्लेट, शिसे डायऑक्साइडची धन प्लेट आणि पाणी मिसळलेलं गंधकाम्ल, म्हणजे आपलं अॅसिड. वीज देताना दोन्ही प्लेटांवर शिसे सल्फेट साचतं आणि अॅसिडच्या जागी पाणी तयार होतं:

Pb + PbO₂ + 2H₂SO₄ ⇌ 2PbSO₄ + 2H₂O

शंभर अँपिअर-तास वीज काढली तर प्रत्येक सेलमधलं सुमारे 366 ग्रॅम गंधकाम्ल खर्ची पडतं. म्हणूनच मेकॅनिक हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटी पाहतो. भरलेल्या बॅटरीत ती 1.28 च्या आसपास असते, पूर्ण उतरलेल्या बॅटरीत 1.12 पर्यंत येते.

चार्जिंगने उलट का फिरतं

या क्रियेतून तयार झालेलं काहीच सेलबाहेर जात नाही. सल्फेट प्लेटलाच चिकटून राहतं आणि अगदी किंचित विरघळतं. चार्जर उलटा प्रवाह देतो, तेव्हा विरघळलेल्या शिशाचं ऋण प्लेटवर पुन्हा शिसं होतं आणि धन प्लेटवर डायऑक्साइड. ते वापरलं गेलं की स्फटिकातून आणखी विरघळतं आणि अॅसिड द्रावणात परततं. ताजे स्फटिक बारीक असल्याने त्यांचा पृष्ठभाग मोठा असतो, म्हणून हे काम झपाट्याने होतं.

मग बॅटरी मरते कशी

उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की बारीक स्फटिक विरघळून मोठ्या स्फटिकांवर जमतात. मोठे स्फटिक फार सावकाश विरघळतात, शिवाय सल्फेटमधून वीज वाहत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरी आपोआप उतरण्याचा वेगही वाढतो.

ओळखायचं कसं? समजा, ग्रॅव्हिटी 1.15 आहे. चार्जर लावताच व्होल्टेज चढून 14.4 च्या वर गेलं, बुडबुडे आले, पण तासाभराने ग्रॅव्हिटी तिथेच. म्हणजे वीज सल्फेटवर न लागता पाणी फोडण्यात जाते आहे. अशा वेळी सेलमध्ये अॅसिड ओतणं ही सगळ्यात मोठी चूक. हरवलेलं अॅसिड प्लेटांवरच अडकलेलं असतं. पातळी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला आणि अगदी कमी प्रवाहावर एक-दोन दिवस चार्ज करा. हायड्रोजन साचू नये म्हणून जागा मोकळी हवी, जवळ विडी-काडी नको. तेवढ्यानेही ग्रॅव्हिटी हलली नाही, तर ती बॅटरी भंगारातच द्यावी.

ट्रॅक्टर उभा करण्याआधी बॅटरी पूर्ण भरा, ऋण टोकाची वायर काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करा.