रिकामं रोहित्रही वीज खातं

गावातल्या डीपीवरचं रोहित्र रात्री सगळे झोपल्यावरही गुणगुणतं. त्याच्या लोखंडी गाभ्यातली लोहहानी भार असो-नसो, चोवीस तास सारखीच असते. तारांच्या वेटोळ्यांतली ताम्रहानी मात्र भाराच्या वर्गाने वाढते.

समजा, 100 केव्हीएच्या रोहित्राची लोहहानी 250 वॅट आणि पूर्ण भारावरची ताम्रहानी 1500 वॅट आहे. दोन्ही समान होतात तिथे कार्यक्षमता सर्वाधिक. इथे ते सुमारे 41 टक्के भारावर घडतं.

आता 8 तास 40 किलोवॅट भार, उरलेले 16 तास काहीच नाही. ताम्रहानी सुमारे 2 युनिट, लोहहानी 6 युनिट. भार असताना 98.8 टक्के असलेली कार्यक्षमता दिवसभराच्या हिशोबात 97.6 वर येते. म्हणून वितरण रोहित्र निवडताना लोहहानीचा आकडा आधी पाहावा.