‘झपूर्झा’चा अर्थ लिहिताना

केशवसुतांच्या ‘झपूर्झा’चा भावार्थ गाइडमध्ये मिळतो: देहभान हरपलेल्या माणसाची अवस्था. चूक काहीच नाही, फक्त कविता तेवढी राहून जाते. मुलींच्या खेळात ‘जा पोरी जा’ झपाझप म्हटलं की हा ध्वनी उमटतो, हे खुद्द कवीनेच सांगितलं आहे. तो कडव्यांच्या शेवटी पुन्हा पुन्हा येतो.

अशा कवितेवर लिहिताना मी शब्द बदलून पाहतो. ‘झपूर्झा’च्या जागी ‘समाधी’ घाला. अर्थ जवळचा, लघु-गुरू तेच, यगणच. तरी गिरकी थांबते. म्हणजे जादू नुसत्या मात्रांत नाही; दोन्ही टोकांच्या ‘झ’त आणि मधल्या ‘र्झ’च्या धक्क्यात आहे. इतकं खात्रीने लिहिता येतं, वाचकालाही मोठ्याने म्हणून ते पडताळता येतं.

पुढे मात्र पाय घसरतो. ‘झ म्हणजे वेग’ असं समीक्षक ठोकून देतात. मग ‘झोप’चं काय? त्यातही झ आहेच! इथे झ फिरतो तो फुगडीच्या आठवणीमुळे आणि पुनरावृत्तीमुळे. तो खेळ कधीच न पाहिलेल्याला गिरकी कमी जाणवेल, हेही लेखात यायला हवं.