तिसऱ्या चौकटीतलं उत्तर

मुलाखतीच्या तयारीसाठी मुलांच्या मोबाइलवर हल्ली तीन-तीन चौकटी फिरत असतात. पहिल्या चौकटीत प्रश्न, बोटाने सरकवलं की दुसरीत कच्चं उत्तर आणि तिसरीत पक्कं. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत क्वालिटीच्या जागांसाठी मी बरीच वर्षं मुलाखती घेत आलोय. त्यामुळे या चौकटींमधला एक प्रश्न मी स्वतः शेकडो वेळा विचारला आहे: "तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा. मग तुम्ही काय केलंत?"

याचं कच्चं उत्तर सगळ्यांच्या ओळखीचं आहे. "सर, मी प्रत्येक काम अगदी परफेक्ट करतो, त्यामुळे चूक अशी सहसा होत नाही." क्वालिटीच्या माणसाने हे म्हटलं की मला काळजी वाटते. मोजमापाच्या कामात चूक न झालेला माणूस नसतो, चूक न सापडलेला असतो. तरीही मी असं बोलणाऱ्या मुलाला लगेच बाजूला काढत नाही. बऱ्याचदा त्याला कुणीतरी बजावलेलं असतं की मुलाखतीत स्वतःची उणी बाजू दाखवायची नाही.

पक्क्या उत्तराचा साचा मात्र नवा नाही. अमेरिकेतल्या डीडीआय या संस्थेने 1974 मध्ये 'स्टार' नावाची पद्धत आणली. परिस्थिती काय होती, तुमच्यावर काम काय होतं, तुम्ही नेमकं काय केलंत आणि त्यातून काय निघालं, या चार पायऱ्यांनी गोष्ट सांगायची. हा साचा खरं तर विचारणाऱ्याच्या सोयीचा. "तुम्ही काय कराल?" असं विचारलं तर कुणीही छान बोलतो. "तुम्ही काय केलंत?" असं विचारलं की घडलेलं सांगावं लागतं, आणि घडलेल्याला खोदून पाहता येतं. चौकटीत हे खोदणं नसतं. तिथे उत्तर संपतं, मुलाखतीत तिथून सुरू होतं.

एका मुलाचं उत्तर मला अजून जसंच्या तसं आठवतं. डिप्लोमा झालेला, एका लहान वर्कशॉपमध्ये वर्षभर ॲप्रेंटिस. तो म्हणाला, "ग्राइंडिंगवर 20 मिलिमीटरच्या पिना चालू होत्या. ड्रॉइंगमध्ये माप 19.97 ते 20.00 होतं. मी दर पाच पिनांमागे एक डिजिटल मायक्रोमीटरने मोजत होतो आणि सगळ्या ओके दाखवत होत्या. दुपारी पुढच्या ऑपरेशनवरून पिना परत आल्या, गो रिंगमध्ये जात नव्हत्या. मी मायक्रोमीटर पुसून बंद केला तर शून्याऐवजी उणे 0.02 दिसलं. शिफ्टच्या सुरुवातीला मी शून्य तपासला नव्हता. मी मशीन थांबवायला सांगितलं, सुपरवायझरना जाऊन सांगितलं आणि सकाळपासूनच्या 140 पिना लाल टॅग लावून बाजूला काढल्या. एकेक रिंगमधून घातली. 38 अडकल्या. त्या परत ग्राइंड केल्या. तेव्हापासून शिफ्ट सुरू झाली की मी आधी मायक्रोमीटरचे दोन्ही जबडे पुसतो, बंद करून शून्य बघतो आणि चेकशीटवर लिहितो."

सांगायला त्याला मिनिट-दीड मिनिट लागलं असेल. यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते मशीन थांबवण्याआधी त्याने मायक्रोमीटर पुसून पाहिला, हे. दोष पिनेत आहे की मोजण्यात, हे त्याने आधी ठरवलं. मग चुकीची व्याप्ती काढली. नुसत्या परत आलेल्या पिना न बघता सकाळपासूनचा सगळा लॉट अडवला. "मी लगेच सीनियरला कळवलं आणि प्रॉब्लेम सोडवला" एवढ्यावर थांबणाऱ्या उत्तरात हे दोन्ही नसतं, आणि चौकटीतली पुष्कळशी पक्की उत्तरं तेवढ्यावरच थांबतात.

मग मी खोदायला लागलो. "उणे कशामुळे आलं असेल?" तो म्हणाला, आधी कुणीतरी जबड्यांमध्ये बारीक कण असताना शून्याचं बटण दाबलं असणार. कण गेला की बंद केल्यावर आकडा उणे दिसतो आणि प्रत्येक पिन आहे त्यापेक्षा 0.02 ने बारीक भासते. "मग सगळ्याच 140 का नाही अडकल्या?" ग्राइंडिंगचा दगड झिजत जातो तसं पिनेचं माप वाढत जातं. सुरुवातीच्या पिना खरोखरच मापात होत्या, शेवटच्या जाड झाल्या. "आणि शून्य उलट, अधिक निघाला असता तर?" इथे तो क्षणभर थांबला. म्हणाला, "मग पिना बारीक गेल्या असत्या सर. त्या दुरुस्त नसत्या झाल्या, स्क्रॅपच." हा प्रश्न त्याने कधी ऐकलेला नव्हता, पण त्या पिना त्याने हाताळल्या होत्या.

त्यानंतर काही दिवसांनी दुसऱ्या एकाने मला मायक्रोमीटरचीच गोष्ट सांगितली. वाक्यं पहिल्यापेक्षा घोटीव होती. "पिना जाड निघाल्या की बारीक?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "रिजेक्ट निघाल्या सर." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. उसनी गोष्ट ओळखायला याहून वेगळं काही करावं लागत नाही. मला त्या मुलाचं वाईट वाटलं, कारण त्याच्याकडेही दोन वर्षांचा अनुभव होता. त्या दोन वर्षांत त्याची स्वतःची एखादी गोष्ट नक्की असणार. ती साधी वाटली म्हणून त्याने दुसऱ्याची घेतली.

आपल्या मराठी मुलांची आणखी एक अडचण मी वारंवार पाहिली आहे, ती भाषेच्या सवयीची. आपण म्हणतो, "ते राहून गेलं", "चूक झाली", "आम्ही मग लॉट वेगळा केला". घरात हे सभ्य बोलणं आहे. 'मी, मी' करणं आपल्याला शिकवलेलंच नसतं. पण समोरच्याला कळत नाही की राहिलं ते कुणाकडून आणि लॉट वेगळा केला तो कुणी. "शून्य तपासायचा राहिला" आणि "मी शून्य तपासला नाही" यात फरक आहे. दुसऱ्या वाक्यात जबाबदारीही तुमची होते आणि पुढच्या दुरुस्तीचं श्रेयही. इंग्रजीत बोलतानासुद्धा मुलं हीच वाक्यरचना सोबत नेतात. म्हणून मी त्यांना सांगतो, गोष्ट आधी मराठीत मोठ्याने सांगा, प्रत्येक क्रियापदाला "कुणी?" विचारा, मग हव्या त्या भाषेत न्या.

चूक कोणती निवडावी, हेही चौकट सांगत नाही. वेळेवर पोहोचलो नाही, ही फारच हलकी. न मोजताच रीडिंग भरली, ही चूक नव्हे, खोटेपणा आहे, आणि क्वालिटीच्या जागेसाठी तिथेच विषय संपतो. ज्या कामासाठी बसला आहात त्याच कामातली, हात आखडल्यामुळे नव्हे तर लक्ष कमी पडल्यामुळे झालेली आणि तुम्ही स्वतः निस्तरलेली चूक घ्यावी.

अनुभव नसलेला मुलगा विचारतो, मी कुठून आणू? आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये फाइलिंग करताना माप खाली गेलेला जॉब प्रत्येकाच्या हातून गेलेला असतो. किती खाली गेला, कधी कळलं, सरांना दाखवला की लपवला, दुसरा तुकडा घेतल्यावर शेवटचा अर्धा मिलिमीटर कसा काढला, एवढं आठवा. मी अशा जॉबवर वीस मिनिटं बोललेलो आहे.