उसना कोड, कोणाच्या नावावर?

फाइल केवढी आहे हे माणसाला समजेल असं सांगणं हे प्रोग्रामिंगमधलं किरकोळ काम. संगणक मोजतो १५,००,००० बाइट, वाचणाऱ्याला हवं असतं १.५ एमबी. जावा भाषेत हे कसं करायचं, असा प्रश्न २०१० साली ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या संकेतस्थळावर कुणीतरी विचारला. आंद्रेआस लुंडब्लाड या प्रोग्रामरने aioobe या टोपणनावाने मोजक्या ओळींचं नेटकं उत्तर दिलं. लोकांना ते इतकं आवडलं की ज्याने त्याने उचललं.

किती जणांनी उचललं, ते २०१८मध्ये कळलं. सेबास्टियन बाल्टेस आणि स्टेफान डील या संशोधकांनी गिटहबवरचे जावा प्रकल्प तपासले, तेव्हा स्टॅक ओव्हरफ्लोवरून सर्वाधिक नकललेल्या तुकड्यांत हे उत्तर अग्रभागी होतं. त्यांचा दुसरा निष्कर्ष जास्त बोचरा आहे. उचललेल्या तुकड्यांपैकी फार तर एक चतुर्थांश तुकड्यांना नियमाप्रमाणे श्रेय दिलेलं होतं. परवान्याच्या सगळ्या अटी पाळणारे प्रकल्प तर फार तर १.८ टक्के निघाले.

गंमत पुढेच आहे. त्या कोडमध्ये चूक होती. ९,९९,९९९ बाइट दिले की उत्तर यायचं ‘१०००.० केबी’, यायला हवं होतं ‘१.० एमबी’. एकक आधी ठरायचं आणि आकडा नंतर पूर्णांकाकडे सरकायचा, म्हणून हा घोळ. लुंडब्लाड यांनी २०१९मध्ये स्वतःच ही चूक जाहीर केली आणि उत्तर दुरुस्त केलं. ज्यांनी कोडशेजारी मूळ उत्तराचा दुवा ठेवला होता, त्यांना ही दुरुस्ती शोधणं सोपं होतं. बाकीच्यांच्या प्रकल्पात ती ओळ निनावी, म्हणून तिची चूकही निनावीच राहिली.

आता हाच तुकडा शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये आणून पाहू. समजा, इंजिनीअरिंगच्या चौघांचा गट कॉलेजसाठी फाइल साठवण्याची प्रणाली बनवतोय आणि आकार दाखवायला त्यांनी लुंडब्लाड यांचा कोड घेतलाय. मुंबईत ज्याला ‘ब्लॅक बुक’ म्हणतात, त्या रिपोर्टमध्ये बहुतेक गट काय करतात? शेवटच्या पानावर संदर्भांत ‘www.stackoverflow.com’ एवढंच लिहितात. पुस्तकाऐवजी ग्रंथालयाचा पत्ता द्यावा, तसं हे झालं. लाखो उत्तरांपैकी कोणतं, कोणाचं, कधीचं, काहीच समजत नाही.

स्टॅक ओव्हरफ्लोवरचा मजकूर ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या CC BY-SA परवान्याखाली असतो. त्यातल्या BY चा अर्थ श्रेय द्या. SA चा अर्थ असा की बदल करून पुढे वाटलंत, तर तेही त्याच परवान्याने वाटा. या परवान्याच्या आवृत्त्या तारखेनुसार बदलतात. ८ एप्रिल २०११च्या आधीचा मजकूर २.५ आवृत्तीखाली येतो, त्यानंतरचा ३.० खाली आणि २ मे २०१८पासूनचा ४.० खाली. म्हणजे लुंडब्लाड यांचं २०१०चं मूळ उत्तर २.५ खाली आणि दुरुस्त रूप ४.० खाली. कोणतं घेतलं हे म्हणूनच लिहावं लागतं. हे सगळं कोडच्या डोक्यावर तीन ओळींत मावतं:

```java
// Adapted from https://stackoverflow.com/a/3758880
// Author: aioobe. Licence: CC BY-SA 4.0
// Changes: renamed method, removed binary units
```

रिपोर्टच्या परिशिष्टात कोड छापताना या ओळी काढायच्या नाहीत आणि संदर्भसूचीत तोच पूर्ण दुवा पाहिल्याच्या तारखेसह द्यायचा. तिसरी ओळ शोभेची नाही; बदल केल्याचं सांगणं ही परवान्याचीच अट आहे. एखादी सर्वांना ठाऊक असलेली एकच ओळ, उदाहरणार्थ यादी उलटी करणारी, घेतली तर इतका सोपस्कार कुणी मागणार नाही. पण अख्खं फंक्शन उचललं असेल, तर वाद न घालता लिहून टाकलेलं बरं.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. परवाना हा मालकाशी असलेला कायद्याचा व्यवहार. भारतातही संगणक प्रोग्रामला कॉपीराइट कायद्याने साहित्यकृतीचंच संरक्षण आहे. श्रेय हा परीक्षकाशी असलेला प्रामाणिकपणाचा व्यवहार. एक पाळला म्हणून दुसरा आपोआप पाळला जात नाही. मोझिलाच्या ‘एमडीएन’ या वेब-मार्गदर्शिकेत हा फरक छान दिसतो. तिथली २० ऑगस्ट २०१०पासूनची कोडची उदाहरणं CC0 खाली, म्हणजे श्रेयाच्या अटीशिवाय मोकळी आहेत. त्याच पानावरचं स्पष्टीकरण मात्र CC BY-SA खाली. कोड नाव न देता वापरला तर मोझिला काही म्हणणार नाही. पण ‘हे तुम्ही लिहिलं का?’ असं व्हायव्हात एक्सटर्नलने विचारलं आणि उत्तर ‘हो’ असं दिलं, तर ती उचलेगिरीच. उलट बाजूने, मालकाचं नाव ठळक छापलं म्हणून वापरण्याची परवानगी मिळत नाही.

ही दुसरी चूक यूट्यूबवरच्या ट्युटोरियलमध्ये हमखास होते. व्हिडिओखाली गिटहबचा दुवा असतो, पोरं सगळा कोड उतरवून घेतात आणि आभारात त्या चॅनेलचं नाव लिहितात. गिटहबवर त्या प्रकल्पात LICENSE नावाची फाइलच नसते. परवाना नाही म्हणजे मुक्त, असा समज आहे. खरं अगदी उलट आहे. परवाना लिहिलेला नसला की सगळे हक्क मालकाकडेच राहतात. गिटहबच्या नियमांनुसार इतरांना तो कोड तिथे पाहता येतो आणि गिटहबवरच त्याची प्रत करून ठेवता येते, त्यापलीकडे काही नाही. अशा वेळी दोन मार्ग उरतात. लेखकाला ‘परवाना जोडाल का?’ असं विचारायचं. नाहीतर युक्ती समजून घेऊन कोड स्वतः लिहायचा, कारण कॉपीराइट मांडणीला असतो, कल्पनेला नाही. तरीही कल्पना कुठून आली ते रिपोर्टमध्ये सांगायचंच.

MIT परवाना सगळ्यांत सोपा वाटतो, आणि आहेही. वापरा, बदला, विका. फक्त मूळ कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा. घात होतो तो नेमका इथे. गट दुसऱ्याचा प्रकल्प उतरवतो, LICENSE फाइलमधलं नाव खोडून आपली चार नावं टाकतो आणि काम झालं समजतो. नावं घालायची असतील तर मूळ ओळीखाली घाला, ती ओळ पुसून नव्हे.

खरी अडचण AGPL-3.0 ची. हेल्मेट ओळखणारे, वाहनांची नंबरप्लेट वाचणारे प्रोजेक्ट ‘अल्ट्रालिटिक्स’ कंपनीच्या YOLOv8 वर उभे राहतात आणि त्याचा परवाना AGPL-3.0 आहे. त्यावर बांधलेला प्रोग्राम दुसऱ्याला दिला, तर पूर्ण सोर्स कोड त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. त्यात बदल करून तो इंटरनेटवरून वापरायला दिला, तरी वापरणाऱ्यांना सोर्स मिळायला हवा. कॉलेजपुरत्या प्रोजेक्टला याचा त्रास नाही. पण तोच प्रोजेक्ट MIT च्या लेबलाने गिटहबवर टाकला, किंवा गावातल्या एखाद्या कारखान्याला बंद सॉफ्टवेअर म्हणून विकायला काढला, की तिढा उभा राहतो. बंद ठेवायचं असेल तर कंपनीकडून वेगळा व्यावसायिक परवाना विकत घ्यावा लागतो.

पायथनमधल्या प्रोजेक्टसाठी हे तपासायला एक छोटं साधन आहे:

```
pip install pip-licenses
pip-licenses
```

बसवलेल्या प्रत्येक लायब्ररीचं नाव, आवृत्ती आणि परवाना समोर येतो. ती यादी थेट परिशिष्टात जाऊ शकते. त्याला एकच गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे हाताने चिकटवलेला कोड. त्याची नोंद चिकटवतानाच करावी लागते, कोडशेजारी किंवा निदान गिटच्या कमिट संदेशात दुवा टाकून. सबमिशनच्या आठवड्यात ब्राउझरची हिस्टरी उकरून कोणती ओळ कुठून आली हे शोधायला बसलेले गट दरवर्षी दिसतात, आणि बहुतेकांना निम्म्याच ओळींचा पत्ता लागतो.